शिफारसपत्र : कु. मानसी दत्ताराम चोगले

रत्नागिरी
दिनांक : १८ सप्टेंबर २०१९

प्रति,
मा. अध्यक्ष,
परिचर्या शिष्यवृत्ती निवड समिती,
मुंबई

विषय : जी.एन.एम. तृतीय वर्षाच्या शिष्यवृत्तीसाठी कु. मानसी दत्ताराम चोगले हिची शिफारस

महोदय,

कु. मानसी चोगले ही जी.एन.एम. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी जुलै आणि ऑगस्ट महिन्यांत प्रात्यक्षिकासाठी माझ्या वॉर्डात, म्हणजे पुरुष वैद्यकीय कक्षात होती. मी या कक्षाची परिसेविका आहे. वर्गात तिला मी शिकवत नाही, तिचे लेखी परीक्षेचे गुण अर्जासोबतच्या गुणपत्रिकेत आहेतच. मी लिहिते आहे ते तिला रुग्णाच्या खाटेजवळ पाहून.

आमच्या भागात भातलावणी सुरू झाली की हा वॉर्ड भरतो. दिवस-दिवस चिखलात अनवाणी उभी राहिलेली माणसे ताप घेऊन येतात. डोळे लाल, पोटऱ्यांना हात लावू देत नाहीत, म्हणजे लेप्टोचा संशय धरायचाच. जोडीला मलेरिया, डेंग्यू आणि फुरसे चावलेले. खाट रिकामी झाली की चादर बदलेपर्यंत पुढचा रुग्ण दारात असतो. अशा गर्दीत विद्यार्थिनींच्या वाट्याला टी.पी.आर. येतो. काम साधे वाटते, पण मुलगी कशी आहे ते मला तिथेच कळते.

तापमान थर्मामीटर सांगतो, नाडी बोटांना लागते. श्वास मात्र पूर्ण मिनिटभर छातीकडे पाहत मोजावा लागतो आणि तोही रुग्णाच्या नकळत, कारण मोजताहेत हे कळले की माणूस वेगळाच श्वास घेऊ लागतो. म्हणून नवशिक्या मुली त्या रकान्यात २० लिहितात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. सगळ्या वॉर्डाचा श्वास २०! चार्ट हातात आला की मी आधी तोच रकाना बघते. मानसीच्या चार्टवर पहिल्या आठवड्यापासून १६, २२, १८, २४ असे आकडे होते. नाडी मोजून झाली तरी ती मनगट सोडत नाही आणि तसेच धरून श्वास मोजते. पद्धत पुस्तकातलीच आहे, गर्दीच्या वेळी पाळणाऱ्या मात्र थोड्या.

जुलैअखेरीस लेप्टोचा एक तरुण रुग्ण होता. ताप उतरला होता, सकाळच्या राउंडला तो बोलत होता, घरी कधी सोडणार म्हणून विचारत होता. दुपारी बाराच्या टी.पी.आर.ला मानसीने त्याचा श्वास मोजला, तो ३२ भरला. तिने पुन्हा मोजला, ३४. ती सरळ ड्युटीवरच्या सिस्टरकडे आली आणि म्हणाली, "सिस्टर, ताप नाहीये, पण श्वास वाढलाय. सकाळी मीच मोजला होता, बावीस होता." ऑक्सिजन ९१ निघाला. डॉक्टरांना बोलावले, एक्स-रे झाला आणि तासाभरात रुग्ण आय.सी.यू.त हलवला. लेप्टोमध्ये फुप्फुसात रक्तस्राव सुरू झाला तर काही तासांत खेळ बिघडतो, हे आपल्या समितीतील वैद्यकीय सदस्य जाणतात. रुग्ण वाचला तो डॉक्टरांच्या आणि आय.सी.यू.च्या मेहनतीने, त्याचे श्रेय मी विद्यार्थिनीला देणार नाही. पण त्याला वेळेवर वर पाठवता आले, कारण तिच्या चार्टवरचा सकाळचा २२ खरा होता.

दुसरी गोष्ट छोटी आहे, मला मात्र ती जास्त महत्त्वाची वाटते. लेप्टोच्या रुग्णाची लघवी किती होते यावर आमचे बारीक लक्ष असते, मूत्रपिंडाची पहिली खबर तिथूनच मिळते. एका रुग्णाच्या नातेवाइकाने भांडे परस्पर रिकामे केले. अंदाजे आकडा लिहून मोकळे होणे सहज शक्य होते. मानसीने इनटेक-आउटपुट चार्टवर लिहिले, "नातेवाइकांनी ओतली, मोजता आली नाही," आणि खाली वेळ टाकून सही केली. मग त्या नातेवाइकाला बाजूला घेऊन भांडे का ठेवायचे ते समजावले. दुसऱ्या दिवशी तो माणूस शेजारच्या खाटेवाल्यांना तेच समजावत होता.

सर्पदंशाच्या रुग्णाचे दोन मिली रक्त कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरकी करून ते गोठले का पाहायचे, ही तपासणी सगळ्या जणी शिकतात. गडबडीत कोणीतरी नळी मध्येच हलवून बघते आणि मग निकालावर भरवसा राहत नाही. अशा वेळी मानसी घड्याळ बघत नळीपाशी उभी राहते. तिथून ती हलावी म्हणून आमच्या मावशींनी तिला चहाला हाक मारली, तरी हलली नाही.

आता उणिवा. तिचा आवाज फार हळू आहे, वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जात नाही. चढ्या आवाजात बोलणाऱ्या नातेवाइकांपुढे ती गप्प होते. दहावी-बारावी मराठी माध्यमातून झाल्यामुळे औषधांच्या इंग्रजी माहितीपत्रकाशी तिला झगडावे लागते. अडलेला शब्द वहीत लिहून ती ड्युटी संपल्यावर विचारते, त्यामुळे याची मला काळजी वाटत नाही. कामाचा वेग अजून कमी आहे. तो तिसऱ्या वर्षात येईल.

घरची परिस्थिती तिने मला आपणहून सांगितली नाही. तिच्या पाठ्यनिर्देशिकांकडून कळले, मग मी तिला विचारले, आणि तिच्या संमतीने इथे लिहीत आहे. वडील हर्णै बंदरात दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी आहेत, आई मासळी विकते, धाकटा भाऊ नववीत आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. दोघांचीही कमाई त्या काळात थांबते आणि त्याच सुमारास दोन्ही मुलांचा वर्षाचा खर्च समोर येतो. या वर्षी तिचे मेसचे पैसे थकले. ऑगस्टमध्ये तिने मला विचारले, "मॅडम, रात्री एका घरी आजींजवळ थांबायचं काम मिळतंय, घेऊ का?" मी नको म्हटले. रात्रभर जागलेल्या मुलीच्या हाती सकाळी आठला इंजेक्शनचा ट्रे द्यायला माझे मन धजत नाही. पण नको म्हणताना तिला दुसरा मार्ग मी दाखवू शकले नाही. आपल्या शिष्यवृत्तीची माहिती मिळाली तेव्हा अर्ज करायला मीच सांगितले.

तृतीय वर्षात तिला प्रसूती कक्षाचे काम आहे. तिथे रात्रपाळ्या असतात आणि पहाऱ्याचे काम इथल्यापेक्षा जास्त आहे. फी आणि मेसचा खर्च आपल्याकडून झाला तर रात्रीचे बाहेरचे काम तिला घ्यावे लागणार नाही. तिसऱ्या वर्षाच्या शिष्यवृत्तीसाठी मी तिची निःसंकोच शिफारस करते. माझे तिच्याशी कोणतेही नाते नाही.

तिची प्रात्यक्षिक नोंदवही मी तपासून सही केली आहे. तिची प्रत सोबत जोडली आहे. समितीला आणखी काही विचारायचे असल्यास अधिसेविका कार्यालयामार्फत पत्र पाठवावे, मी उत्तर देईन. दुपारी दोननंतर वॉर्डात फोन केल्यास बोलणेही होऊ शकेल, सकाळी मात्र राउंड चालू असतो.

आपली विश्वासू,

(सही)
सौ. सुनंदा शिर्के
परिसेविका, पुरुष वैद्यकीय कक्ष
जिल्हा रुग्णालय, रत्नागिरी

सोबत : प्रात्यक्षिक नोंदवहीची साक्षांकित प्रत
प्रत माहितीसाठी : अधिसेविका कार्यालय