f(x) = √(x² − 4), [2, 4] : तुझ्या फोटोतलं गणित

अगं, तुझे दोन्ही फोटो नीट मोठे करून पाहिले. फलनाला मध्यमान प्रमेय लागू होतं का ते तपासायचं, आणि होत असेल तर जिथे f′(c) हा आलेखाची दोन टोकं जोडणाऱ्या रेषेच्या चढाइतका येतो असा अंतरालातला मधला बिंदू c काढायचा, असं हे गणित आहे. पण आधी प्रश्नच पक्का करू या, कारण पहिल्या फोटोत वहीची घडी बरोबर वर्गमुळावर आली आहे. मुळाची आडवी रेघ फक्त x² वर आहे की 4 पर्यंत गेली आहे, ते दिसत नाही. हा फरक लहान नाही. रेघ x² वरच थांबली असती तर या अंतरालात f(x) = x − 4, म्हणजे सरळ रेषा झाली असती आणि मधला कुठलाही बिंदू उत्तर म्हणून चालला असता. पण दुसऱ्या फोटोत तू f(4) = √12 लिहिलं आहेस, म्हणजे रेघ 4 पर्यंतच आहे. कंसाची डावी बाजूही कापली गेली आहे. तिथे −2 असू शकत नाही, कारण −2 आणि 2 यांच्या मध्ये x² − 4 ऋण होतं आणि फलनाला किंमतच उरत नाही. तेव्हा गणित असं:

f(x) = √(x² − 4), x ∈ [2, 4]

पहिली अट, बंद अंतरालात सातत्य. x² − 4 ही बहुपदी आहे, [2, 4] वर ती शून्य किंवा धन राहते, आणि वर्गमूळ शून्यापासून पुढे सगळीकडे सतत असतं. म्हणून f सतत आहे. x = 2 ला फक्त उजवीकडून यायचं असतं; उजवी सीमा 0, आणि f(2) सुद्धा 0. हे तुझं बरोबर आहे.

दुसऱ्या अटीपाशी तू थांबलीस. तू लिहिलंस:

f′(x) = x / √(x² − 4)

आणि खाली, "x = 2 ला छेद शून्य होतो, म्हणून फलन डिफरन्शिएबल नाही, प्रमेय लागू नाही." डेरिव्हेटिव्ह अचूक काढलास, निरीक्षणही खरं आहे. निष्कर्ष मात्र चुकला. प्रमेय डिफरन्शिएबल असण्याची अट घालतं ती उघड्या अंतरालात, (2, 4) मध्ये. 2 हे टोक त्यात येतच नाही. 2 च्या पुढे कितीही जवळचा बिंदू घे, 2.01 घे: तिथे चढ साधारण 10 आहे. 2.0001 ला साधारण 100. खूप मोठा, पण ठरावीक आकडा. आलेख (2, 0) पासून सरळ उभा उठतो, तुटत नाही.

हीच अडचण टोकाला नसून मध्ये असती तर तुझं म्हणणं खरं ठरलं असतं. |x − 3| घेऊन बघ, अंतराल तेच [2, 4]. दोन्ही टोकांना किंमत 1, म्हणजे जोडणाऱ्या रेषेचा चढ 0. पण फलनाचा चढ 3 च्या डावीकडे −1 आणि उजवीकडे 1. शून्य कुठेच मिळत नाही. 3 पाशी कोपरा आहे आणि 3 आत आहे, म्हणून तिथे प्रमेय अडतं.

आपल्या फलनाच्या दोन्ही अटी पूर्ण झाल्या. आता c:

f(2) = 0, f(4) = √12 = 2√3

(f(4) − f(2)) / (4 − 2) = 2√3 / 2 = √3

f′(c) = √3 हवं:

c / √(c² − 4) = √3
c² = 3(c² − 4)
2c² = 12
c² = 6, म्हणून c = ±√6

−√6 सोडायचं, आणि का सोडलं ते एका ओळीत लिहायचं: ते (2, 4) मध्ये नाही. शिवाय ते वर्ग केल्यामुळे आत शिरलं आहे. मूळ समीकरणात ठेवलंस तर −√3 येतं. √6 ≈ 2.449, हे 2 आणि 4 च्या मध्ये आहे.

पडताळा घे, मला ही ओळ तुझ्या वहीत हवीच आहे: f′(√6) = √6 / √(6 − 4) = √6 / √2 = √3. जुळलं.

आलेख काढशील तर (2, 0) आणि (4, 2√3) जोडणारी रेघ पट्टीने ओढ, मग पट्टी तशीच समांतर वर सरकव. (√6, √2) पाशी ती वक्राला नुसती टेकेल. c मध्यावर, 3 ला, न येता 2 च्या बाजूला का आला तेही तिथे दिसेल: चढ सुरुवातीला प्रचंड आहे आणि झपाट्याने कमी होत 4 ला साधारण 1.155 वर येतो, त्यामुळे 1.732 ही किंमत लवकर गाठली जाते. चढ सतत उतरताच असल्यामुळे असा बिंदू एकच आहे.

दुसऱ्या पानावरचं "प्रमेय लागू नाही" खोड आणि तिथे लिही: "f हे (2, 4) मध्ये विकलनीय आहे; x = 2 या टोकाला विकलनीयता आवश्यक नाही." त्याखाली c = √6 पर्यंतच्या ओळी पुन्हा स्वतः लिहून काढ आणि उद्या वही घेऊन ये. फोटो पाठवलास तर घडी उलगडून, उजेडात काढ.