मांजर हरवले आहे : हरणी, तिरंगी मादी, डहाणूकर कॉलनी, कोथरूड

सर्व रहिवाशांना नमस्कार.

आमची पाळीव मांजर ‘हरणी’ सोमवार, दिनांक १७ नोव्हेंबर २०२५ रोजी रात्री घरातून बाहेर पडली असून मंगळवारी दुपारी हा मजकूर लिहीपर्यंत ती परतलेली नाही. इमारतीच्या बाहेरील रंगकामासाठी खिडकीची जाळी काढलेली होती आणि परांची अगदी गजांना टेकून उभी होती. तिसऱ्या मजल्यावरून ती त्या परांचीवरूनच खाली उतरली असावी. खिडकी लावून घ्यायला हवी होती, ही चूक आमचीच आहे. आवारातील कॅमेऱ्यात ती रात्री ८ वाजून ५२ मिनिटांनी वाहनतळातील एका पांढऱ्या मोटारीखालून निघून मागच्या कुंपणभिंतीकडे जाताना दिसते. त्यानंतर तिला कोणी पाहिल्याचे आम्हांला समजलेले नाही.

हरणी चार वर्षांची, लहान चणीची, सुमारे साडेतीन किलो वजनाची आहे. अंग मुख्यतः पांढरे असून पाठीवर काळे आणि तांबूस मोठे ठिपके आहेत, तर शेपटी पूर्ण काळी असून टोकाशी किंचित वाकडी आहे. डोळे हिरवट पिवळे आहेत. तिच्या गळ्यात सध्या पट्टा नाही. ती पिल्लू असताना आम्हांला रस्त्यावरच मिळाली होती आणि नसबंदीच्या वेळी खूण म्हणून तिच्या डाव्या कानाचे टोक कापलेले आहे, त्यामुळे ती परिसरातीलच एखादी मोकाट मांजर आहे असा समज होण्याचा संभव आहे. कृपया कान पाहून तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. सोबत तीन छायाचित्रे जोडली आहेत. त्यांपैकी शेपटीचे छायाचित्र ओळख पटवण्यास सर्वांत उपयोगी आहे. आणखी एक खूण मुद्दाम येथे लिहिलेली नाही, म्हणजे कोणी मांजर सापडल्याचे कळवल्यास आम्हांला खात्री करून घेता येईल.

घरातच वाढलेले मांजर घाबरले की सहसा फार लांब जात नाही. जवळच्या जवळ एखाद्या अंधाऱ्या सांदीत दडून बसते आणि मालकाने हाक मारली तरी आवाज देत नाही. म्हणूनच रस्त्यांवर पाहण्यापेक्षा आपापल्या आवारातील जिन्याखालची जागा, मीटर आणि पंपाच्या खोल्या, डक्ट, गच्चीवरील टाकीची मागची बाजू आणि विशेषतः काल रात्रीनंतर कुलूप लावलेली गॅरेज अथवा अडगळीच्या खोल्या आपण आजच एकदा उघडून पाहाव्यात, अशी कळकळीची विनंती आहे. थंडी पडू लागल्याने मांजरे मोटारीच्या इंजिनाशेजारी उबेला बसतात, तेव्हा गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा माराव्यात.

‘आजच’ असे म्हणण्याचे कारण असे की, मांजर सलग काही दिवस पूर्ण उपाशी राहिले तर त्याच्या यकृतावर गंभीर परिणाम होऊ शकतो, आणि हरणीला स्वतःचे अन्न शोधण्याची अजिबात सवय नाही.

ती दिसल्यास कृपया तिच्या मागे धावू नये किंवा तिला पकडण्याचा प्रयत्न करू नये; ती बिथरली तर भिंत ओलांडून आणखी दूर जाईल किंवा ओरबाडेल. लांबूनच एक छायाचित्र काढावे, नेमकी जागा आणि वेळ या ग्रुपवर टाकावी आणि माझ्या ग्रुपवरील क्रमांकावर लगेच फोन करावा. मध्यरात्र असली तरी संकोच करू नये. ती आपणहून घरात किंवा बंद खोलीत शिरली असेल तर दार लोटून घ्यावे आणि पाणी ठेवावे. दूध देऊ नये. बक्षीस जाहीर करावे असे काहींनी सुचवले, परंतु त्यामुळे मुले तिचा पाठलाग करतील, या भीतीने आम्ही ते टाळले आहे.

पहाटे सर्वांत आधी गल्लीत येणारे दूधवाले, पेपर टाकणारी मुले आणि सफाई कर्मचारी यांना, तसेच आपल्या सुरक्षारक्षकांना छायाचित्र दाखवता आले तर फार मदत होईल. मात्र हा मजकूर शहरातील इतर ग्रुपवर पाठवू नये. दूरच्या भागांतून वेगळ्याच मांजरांचे फोन येऊ लागले की जवळचा महत्त्वाचा फोन निसटू शकतो. ती सापडताच येथे कळवून हा मजकूर काढून टाकू.

परिसर शांत असताना, म्हणजे रात्री ११ ते १ आणि पहाटे ५ ते ६ या वेळांत, आम्ही दोघे तिच्या खाण्याचा डबा वाजवत शोध घेत आहोत. आपल्या आवाराबाहेर किंवा गाडीखाली कोणी टॉर्च मारताना दिसल्यास घाबरू नये, आम्हीच असू. जमल्यास तेवढे फाटक उघडून द्यावे.

– सदनिका क्रमांक ३०२, बी इमारत