दुसऱ्या शिलाई मशीनसाठी मामांना पत्र

ती. मामा, सा. न.

फोनवर पैशांचं बोलायला जीभ रेटेना, म्हणून लिहितेय. माझं मशीन एकच. पडद्याचं जाड कापड झालं की १८ नंबरची सुई काढून अस्तरासाठी ११ ची लावायची, दोऱ्याचा ताण परत जुळवायचा. रोजचा तासभर यातच जातो. मागच्या महिन्यात नऊ कामं परत पाठवली, जिवावर आलं.

मोटरचं मशीन १८,००० ला ठरवलंय. ६,००० साठलेत, १२,००० उसने द्याल? पुढच्या महिन्यापासून दर ५ तारखेला १,०००, असे बारा हप्ते. एखादा चुकला तर पुढच्या महिन्यात दोन. व्याज तुम्ही घेणार नाही, पण हिशेब वहीत राहील. आधी मामींना विचारा. नाही म्हणालात तरी रुसणार नाही.

तुमची भाची