आरटीएक्स ३०५० चा बजेट लॅपटॉप: वर्षभर गेम खेळल्यानंतर

गेल्या वर्षी सेलमध्ये साठ हजारांच्या आत घेतला. आय५-१२४५०एच, ४ जीबीचं आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, १४४ हर्ट्झची फुल एचडी स्क्रीन. महिन्याभरातच रॅमची दुसरी कांडी टाकून १६ जीबी केली. हा खर्च लॅपटॉपच्या किमतीतच धरा. एकाच कांडीवर गेम मधेच अडखळायचे, दुसरी टाकल्यावर ते जवळपास थांबलं.

व्हॅलोरंटला हे मशीन आजही पुरून उरतं, १४४ एफपीएस सहज टिकतात. काउंटर-स्ट्राईक २ लो-मीडियमवर शंभरच्या आसपास चालतो, पण कोणी स्मोक फेकला आणि आपण त्यात शिरलो की आकडा धाडकन खाली. जीटीए ५ हायवर मस्त. फोर्झा होरायझन ५ मीडियमवर साठच्या वर राहतो, आणि दिसतोही देखणा.

खरी परीक्षा मोठ्या गेमची. सायबरपंक २०७७ लो-मीडियमवर, डीएलएसएस बॅलन्स्डला ठेवून, ४५ ते ५५ देतो. रे ट्रेसिंगच्या वाटेला जाऊच नका. रेड डेड रिडेम्प्शन २ मध्ये डोंगरात घोडा फिरवताना पन्नास मिळतात, सेंट डेनिस शहरात शिरलं की चाळीस. मला तेवढं चालतं, तुम्हाला साठशिवाय करमत नसेल तर नाही चालणार.

यातली मेख चिपच्या वेगात नाही, व्हीरॅममध्ये म्हणजे ग्राफिक्स कार्डच्या स्वतःच्या मेमरीत आहे. टेक्स्चर एक पायरी वाढवलं की ४ जीबी भरतात, मग एफपीएस सरासरी बरा दिसूनही दर काही सेकंदांनी हिसका बसतो. म्हणून टेक्स्चर खाली ठेवा, बाकी सेटिंग वर नेलं तरी फारसं बिघडत नाही. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि डूम: द डार्क एजेस हे गेम तर किमान ८ जीबी व्हीरॅमच मागतात, त्यामुळे तो विषयच संपला.

मी राहतो अकोल्यात. मे महिन्यात दुपारी प्रोसेसर ९५ डिग्रीला जाऊन बसायचा आणि पंख्यांचा आवाज बाहेरच्या खोलीत आईला ऐकू यायचा. मागची बाजू उचलून ठेवली, टर्बो बूस्ट बंद केला, तेव्हा दहा-बारा डिग्री उतरल्या आणि एफपीएसमध्ये फरक नावालाच पडला. पंख्यांतली धूळ मात्र सहा महिन्यांनी काढावीच लागली.

स्क्रीनचे रंग फिकट आहेत, फोटो एडिटिंगला उपयोग नाही. लाईट गेली की गेम बंद; बॅटरीवर ग्राफिक्स कार्ड इतकं मंदावतं की व्हॅलोरंटसुद्धा रडतखडत चालतो. साध्या कामाला साडेतीन तास मिळतात, नवा असताना साडेचार मिळायचे.

आणि ५१२ जीबी कमी पडतात. एकटा रेड डेडच दीडशे जीबी मागतो. आत एसएसडीचा दुसरा स्लॉट मोकळा आहे ना, हे घेण्याआधी दुकानदाराला विचारून घ्या.