दिवेआगरच्या घरी रात्री पोचताना: रस्ता, किल्लीची पेटी आणि कोड

नमस्कार,

उद्या शुक्रवारी, ५ डिसेंबरला, ऑफिस सुटल्यावर तुम्ही पुण्याहून निघणार. म्हणजे इथे पोचायला अकरा-साडेअकरा होणारच, आणि झाले तर होऊ देत. दार तुमचं तुम्हीच उघडायचं आहे, त्यामुळे आम्ही ताटकळत बसलो असू या विचाराने घाटात गाडी पळवू नका. गाडीत आजी आहेत, लहान मूल आहे. निवांत या.

निघण्याआधी हे सगळं एकदा वाचा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा. ताम्हिणीत आणि पुढे म्हसळ्याच्या अलीकडे-पलीकडे मोबाइलची रेंज जाते. स्क्रीनशॉट गाडी चालवणाऱ्याऐवजी शेजारी बसणाऱ्याच्या फोनमध्ये असू दे.

किल्लीच्या पेटीचा कोड: 4 7 1 9
चालू: शुक्रवार दुपारी २ ते रविवार सकाळी ११
पेटी कुठे: ओटीच्या पायऱ्या चढल्यावर उजव्या हाताच्या खांबामागे, छातीच्या उंचीवर
अडलात तर: हा मजकूर ज्या नंबरवरून आलाय त्यावरच साधा फोन करा, मध्यरात्रीही. मेसेजवर थांबू नका, झोपेत मेसेज कळत नाही.

रस्ता

पौड, मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, मोर्बा, साई, म्हसळा, बोर्लीपंचतन, दिवेआगर. नकाशा मध्येच एखादी जवळची वाट दाखवेल, रात्री तिच्या नादी लागू नका. म्हसळ्याहून एक रस्ता श्रीवर्धनला जातो आणि एक बोर्लीला. तुम्हाला बोर्लीचा हवा.

पेट्रोल आणि जेवण दोन्ही माणगावात उरकून घ्या. माणगाव महामार्गावर असल्यामुळे उशिरापर्यंत काही ना काही उघडं असतं, दिवेआगरात रात्री साडेनऊनंतर जेवण मिळत नाही. माणगाव सोडल्यावर दीड तास धरा. रस्ता वळणावळणाचा आहे आणि गुरं रस्त्यातच बसलेली असतात, काळी म्हैस तर अगदी जवळ आल्याशिवाय दिसत नाही. आजींना गाडी लागत असेल तर साईच्या आधी जरा थांबा, पुढे वळणं वाढतात.

तुमच्यासोबतचं दुसरं कुटुंब मुंबईहून अलिबाग-मुरुड मार्गे यायचं म्हणत होतं. त्यांना एवढं नक्की सांगा की आगरदांड्याहून दिघीला गाडी फेरीबोटीने येते आणि रात्री ती बंद होते. जेट्टीवर पोचून फेरी चुकली, तर मागे फिरून माणगावचा मोठा वळसा पडतो. उशीर होणार असेल तर त्यांनीही सरळ महामार्गाने माणगावच गाठावं.

गावात शिरल्यावर

बोर्लीहून गावात आलात की सुवर्ण गणेश मंदिराकडे जाणारा रस्ता धरा. मंदिर मागे टाकून थोडं पुढे आलात की डावीकडे जांभ्या दगडाचा गडगा सुरू होतो. गडगा संपतो तिथे हिरवं लोखंडी फाटक आहे, त्यावर पांढऱ्या रंगात ८ लिहिलंय. घराच्या नावाची पाटी नाही, आकडाच शोधा. सोबतचा पहिला फोटो आम्ही मुद्दाम रात्री काढलाय, कारण दिवसा काढलेल्या फोटोवरून अंधारात काहीच ओळखू येत नाही.

इथे हॉर्न वाजवू नका. आळीत सगळे लवकर झोपतात आणि पहाटे लवकर उठतात. फाटकाला कुलूप नसतं, नुसती कडी असते. कडी वर उचलून फाटक आत ढकला. गाडी आत घेतली की कडी परत घाला, नाहीतर रात्रीत गुरं वाडीत शिरून रोपं खातात.

गाडी डाव्या हाताला, पत्र्याच्या शेडखाली लावा. शेड भरलेली दिसली तर आंब्याखाली. नारळाखाली गाडी लावू नका आणि तिथे कुणी उभंही राहू नका. वाळलेली झाप किंवा नारळ कधी पडेल त्याचा नेम नसतो, आणि पडला तर काचच काय, माणसाचं डोकंही वाचत नाही. निसर्ग वादळानंतर, २०२० साली, जी झाडं वाकून उभी राहिली त्यांच्या झाप्या अजूनही जास्त गळतात. त्या झाडांना आम्ही खाली पांढरा पट्टा मारलाय.

मोती नावाचा कुत्रा भुंकत येईल. तो चावत नाही, वास घेऊन निघून जातो. मुलाला मात्र तेवढ्या वेळेपुरतं कडेवर घ्या, पळालं तर मोती खेळायला मागे लागतो.

फाटकापासून ओटीपर्यंत

पोफळीच्या वाडीतून चिऱ्यांची पाखाडी आहे, साधारण चाळीस पावलं. कडेला जमिनीलगत सोलरचे छोटे दिवे आहेत. कालच पौर्णिमा झालेली असेल, तरी वाडीच्या गर्द झाडीत चांदणं खाली पोचत नाही. म्हणून मोबाइलचा टॉर्च लावा, पायात बूट किंवा चप्पल घाला आणि पाखाडीवरूनच चाला. वाडीत पाणी असतं, बेडूक असतात, म्हणजे सापही असतात. ते आपणहून अंगावर येत नाहीत, पण पाय पडला तर चावतात. गडग्याच्या फटीत, पाचोळ्यात, लाकडांच्या ढिगात कुणी हात घालू नका. मुलाचा चेंडू तिकडे गेला तर सकाळी आम्ही काढून देऊ. कुणाला काही चावलंच तर कापू-चोखू नका, करकचून बांधू नका. तो पाय हलवू न देता बसवून ठेवा, १०८ ला फोन करा आणि लगेच आम्हालाही. आमची गाडी दारातच असते.

ओटीला पाच पायऱ्या आहेत, डाव्या बाजूला कठडा आहे. आजींना तिथूनच चढवा. वर आरामखुर्ची ठेवलीय, तुम्ही पेटी उघडेपर्यंत त्या तिथे बसू शकतील.

पेटी उघडताना

ओटीवरचा दिवा आम्ही लावून ठेवू. वीज गेली असेल तर तोही नसेल. तेव्हा खांबामागे टॉर्च मारा, पेटीवरची रेडियमची पट्टी चमकेल.

पेटीवर काळं रबरी झाकण आहे. ते खालून धरून वर उचला. आत आकड्यांच्या चार चकत्या दिसतील, आकडे इंग्रजीत आहेत. डावीकडून सुरुवात करून 4, मग 7, मग 1, मग 9. चारही आकडे दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या रेघेवर नेमके सरळ आले पाहिजेत. अर्धा आकडा वर-खाली राहिला तरी पेटी उघडत नाही, बहुतेकांचं इथेच अडतं. मग उजवीकडचा खटका खाली दाबा आणि दुसरा हात पेटीखाली धरा, कारण झाकण उघडताच किल्ल्या खाली पडतात.

समुद्राच्या खाऱ्या हवेने चकत्या कधी कधी घट्ट होतात. तसं झालं तर प्रत्येक चकती दोन वेळा पूर्ण फिरवा, मग पुन्हा कोड लावा. दगडाने ठोकू नका, किल्लीच्या आशेने खटका वाकवू नका. सरळ फोन करा. आम्ही वाडीच्या दुसऱ्या टोकाला राहतो, दुसरी किल्ली घेऊन पाच मिनिटांत येतो.

आत दोन किल्ल्या आहेत. मोठी पितळी ओटीच्या दाराची, लाल दोरा बांधलेली छोटी मागच्या दाराची. दार जुनं सागवानी आहे. आधी स्वतःकडे ओढून धरा आणि मग किल्ली फिरवा. आत जाताना डोकं सांभाळा, चौकट बुटकी आहे, आणि उंबरा चांगला वीतभर उंच आहे. मोठी किल्ली काढून घेतलीत की पेटी बंद करा, चकत्या विस्कटून टाका आणि रबरी झाकण खाली ओढा.

कोड तुमच्या गाडीतल्या माणसांपुरताच ठेवा. प्रत्येक कुटुंब गेलं की आम्ही तो बदलतो. वाटेत कुणी भेटलं किंवा फोन करून म्हणालं की "मालकांनी पाठवलंय, कोड सांगा", तर सांगू नका. आम्ही कधीही कुणाला असं पाठवत नाही.

आत शिरल्यावर

दाराच्या उजवीकडे बटणांची पट्टी आहे. लाल टिकली लावलेली बटणं इन्व्हर्टरवर चालतात: माजघराचा दिवा, तिन्ही खोल्यांचे पंखे, न्हाणीघराचा दिवा. बाकीची वीज असेल तरच. गीझर आणि एसी इन्व्हर्टरवर चालत नाहीत.

आजींचं अंथरूण माजघरालगतच्या खोलीत केलंय. तिथून न्हाणीघर तीन पावलांवर आहे, मध्ये उंबरा नाही, आणि संडास कमोडचा आहे. तुमच्या दोन खोल्या माडीवर आहेत. जिना उभा आहे, मुलाला रात्री एकट्याने उतरू देऊ नका. वरच्या फळीला छोटं दार आहे, ते लावून घ्या.

प्यायचं पाणी स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं घ्या, नळाचं नको. ओट्यावर चहा-साखर, फ्रीजमध्ये दूध आणि कोकम सरबताची बाटली. मुलाला भूक लागलीच तर डब्यात मऊ भातासाठी तांदूळ-मुगाची डाळ धुऊन वाळवून ठेवलीय, कुकर शेगडीजवळ आहे, तूप-मीठ शेजारी. गॅसचा कॉक शेगडीखाली, झोपताना बंद करा. संध्याकाळनंतर खिडक्यांच्या जाळ्या उघडू नका, डास येतात.

समुद्र

घराच्या मागून सुरूच्या बनातून वाट जाते आणि माडीवर झोपलात तर लाटांचा आवाज येतो. पोचल्या पोचल्या जावंसं वाटेल. पण रात्री नका जाऊ, ही कळकळीची विनंती आहे. पौर्णिमेच्या आसपास आपल्या किनाऱ्यावर भरती बाराच्या सुमारास येते, आणि ती उधाणाची असते, म्हणजे तुम्ही पोचाल तेव्हाच पाणी सगळ्यात वर असेल. किनाऱ्यावर दिवा नाही, जीवरक्षक नाही. शनिवारी सकाळी ओहोटीला लांबच लांब ओली वाळू उघडी पडते, तेव्हा आजींनाही नेता येईल. गाडी वाळूत उतरवू नका. रुतते, आणि भरती थांबत नाही.

सकाळ

नाश्ता साडेआठला ओटीवर आणतो: घावन, ओल्या खोबऱ्याची चटणी, चहा. आजींना तिखट चालत नसेल तर आजच कळवा. शनिवारच्या जेवणात उकडीचे मोदक हवे असतील तर तेही आजच सांगा, नारळ सकाळी लवकर खवावे लागतात.

नोंदवहीसाठी प्रत्येक मोठ्या माणसाच्या ओळखपत्राचा फोटो निघण्याआधी पाठवा, म्हणजे रात्री त्यात वेळ जाणार नाही. आधार असेल तर फक्त शेवटचे चार आकडे दिसतील असंच पाठवा.

माणगाव सोडलंत की "निघालो" आणि दार उघडून आत गेलात की "पोचलो", एवढे दोन मेसेज करा. साडेबारापर्यंत दुसरा आला नाही तर आम्ही फोन करू आणि रेंज नसेल तर बोर्लीपर्यंत बघायला येऊ.

रविवारी अकराच्या आत निघताना दोन्ही किल्ल्या पेटीत ठेवून चकत्या विस्कटा. गॅस आणि गीझर बंद करा, पंखे राहिले तरी चालतील. ओले टॉवेल मागच्या पडवीतल्या दोरीवर टाका.