बाबा, वॉशिंग मशीनच्या फोटोबद्दल

बाबा, फोटो मिळाला. मोठा करून नीट बघितला. मशीन बिघडलेलं नाही, तेव्हा मेकॅनिकला एवढ्यात बोलवू नका.

स्क्रीनच्या उजव्या टोकाला किल्लीचं छोटं चित्र पेटलेलं दिसतंय ना, तेच कारण. ते चाइल्ड लॉक आहे. ते लागलं की बंद करायचं बटण सोडून बाकी कुठलंच बटण चालत नाही, म्हणून तुम्ही कितीही दाबलं तरी मशीन ढिम्म. पॅनल पुसताना बोट जास्त वेळ टेकलं असणार. आता स्क्रीनखालची शेवटची दोन बटणं बघा. त्यांना जोडणारी एक बारीक रेघ आहे आणि तिच्या मधोमध तीच किल्ली छापलीय. ती दोन्ही बटणं एकदम दाबा आणि किल्ली विझेपर्यंत, साधारण तीन सेकंद, तशीच धरून ठेवा. नुसतं टिचकी मारल्यासारखं दाबून उपयोग नाही.

आता बाकीची चित्रं. मधल्या गोल बटणावर वरती कापसाचं बोंड आहे, ते सुती कपड्यांसाठी. चादरी, टॉवेल, तुमचे पायजमे सगळे त्यातच. शर्टाचं चित्र टेरिकॉट-पॉलिस्टरसाठी, पीस नाजूक कपड्यांसाठी आणि लोकरीचा गुंडा स्वेटरसाठी. घड्याळ काढलेला प्रोग्रॅम झटपट धुण्याचा आहे. थोडे, फारसे न मळलेले कपडे असले तरच तो लावा, ड्रम भरून लावलात तर मळ निघणार नाही. उरलेल्या प्रोग्रॅमकडे सध्या बघूच नका, रोजच्याला त्यांची गरज पडत नाही.

थर्मामीटरचं बटण पाण्याच्या तापमानाचं. दर वेळी दाबलं की आकडा बदलतो: 30, 40, 60. बर्फाची चांदणी आली की पाणी तापवायचं नाही, नळाचं थंडच घ्यायचं. रंगीत कपड्यांना 30 पुरे. 60 फक्त चादरी-टॉवेलांना.

शेजारचं शंखासारखं वळणावळणाचं चित्र म्हणजे पिळणं. तिथला 1200 हा आकडा म्हणजे ड्रम मिनिटाला तेवढे फेरे घेणार. टॉवेलला ठीक आहे, पण स्वेटरला 600 च्या वर जाऊ नका, आकार जातो. त्याच चित्रावर फुली आली तर मशीन पिळणारच नाही आणि कपडे निथळते बाहेर येतील.

टबावर शॉवर आणि बाजूला अधिकचं चिन्ह आहे, ते बटण तुमच्यासाठी महत्त्वाचं. त्याने कपडे आणखी एकदा स्वच्छ पाण्यातून निघतात. तुमच्या मानेला खाज येते ना, कॉलरमध्ये साबण राहत असेल तर त्याने फरक पडेल. वेळ आणि पाणी थोडं जास्त लागेल, लागू दे. हे दर वेळी दाबाच.

साबणाच्या खणाचा फोटो पाठवलात ते बरं केलंत, कारण पावडर चुकीच्या कप्प्यात पडलीय. एक उभी रेघ असलेला कप्पा आधीच्या धुण्याचा. तो प्रोग्रॅम आपण लावत नाही, त्यामुळे तिथली पावडर तशीच पडून राहते. दोन उभ्या रेघांचा कप्पा मुख्य धुण्याचा, पावडर नेहमी त्यातच. फुलाचं चित्र असलेल्यात कपडे मऊ करायचं औषध घालतात. ते घालू नका, तुमच्या त्वचेला नको. आणि पावडर फ्रंट लोडचीच घ्या. साध्या पावडरीचा फेस फार होतो, मग तो मशीनला नीट काढता येत नाही.

दोन दिवे लक्षात ठेवा. नळाचं चित्र लुकलुकलं तर पाणी येत नाहीये, मागचा नळ उघडा आहे का ते बघा. कुलूप पेटलेलं असेल तर दार बंद आहे. ही किल्ली नाही हं, दाराचं कुलूप वेगळं. धुणं संपल्यावरही ते मिनिट-दोन मिनिटं तसंच राहतं. तेव्हा दार ओढू नका, टक् असा आवाज आला की उघडा.

पहिल्यांदा असं करा: टॉवेल आणि चादर आत टाका, गोल बटण बोंडावर आणा, 40, 1200, शॉवरचं बटण, आणि मग त्रिकोणाचं बटण एकदा दाबा. तोच सुरू करायचा.

किल्ली विझली की स्क्रीनचा एक फोटो पाठवा. फ्लॅश बंद ठेवा, आताच्या फोटोत डावा कोपरा चमकून गेलाय आणि तिथले दोन दिवे मला वाचता आले नाहीत. इथे रात्र असली तरी चालेल, मी जागी आहे.