रामराम, मी वैशाली

सगळ्यांना रामराम.

मी वैशाली शिंदे. गाव औसा तालुक्यात. घरची शेती कोरडवाहू: खरिपात सोयाबीन आणि तूर, जमलं तर रब्बीत हरभरा. आपल्या शेतकरी उत्पादक कंपनीत खरेदी आणि गुणवत्ता तपासणी बघायला मी या आठवड्यात रुजू झाले. सर म्हणाले, दोन शब्द बोला. दोनापेक्षा थोडे जास्त होतील, पण चहा निवायच्या आत संपवते.

शिक्षण इथंच, लातूरच्या कृषी महाविद्यालयात. नंतर जालन्याला एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. काम उगवणशक्ती तपासायचं. शंभर-शंभर दाणे मोजायचे, ओल्या कागदात ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून उभी ठेवायची आणि सोयाबीन असेल तर आठव्या दिवशी उघडून मोजायचं. गुंडाळी उलगडताना सरळ, धडधाकट कोंब दिसले की मला अजूनही तितकाच आनंद होतो. शंभरात सत्तर उगवले तर सोयाबीनचं प्रमाणित बियाणं पास. एकोणसत्तर आले तर नाही. आकड्याशी इमान राखायला मी तिथं शिकले.

तरी मी इकडं का आले, ते सांगते.

लहानपणी आबा मोंढ्यातून सोयाबीन विकून आले की खिशातली पट्टी माझ्यापुढं ठेवायचे. “वाच बाई.” मी वाचायची. कट्टे, वजन, भाव, हमाली, तोलाई. खाली एक कपात असायची, हवेची, म्हणजे दाण्यातल्या ओलाव्याची. आबा विचारायचे, “हवा किती लागली म्हणं?” तो आकडा पट्टीवर नसायचा. कपात लिहिलेली, पण ती कशावरून केली ते लिहिलेलं नाही. आबा भांडले नाहीत. पट्टी घडी करून देवळीत ठेवली आणि पेरणीच्या उसनवारीचा हिशोब घातला. कपात खरीही असेल. पण ती खरी आहे की नाही हे ठरवायला आमच्या हातात काहीच नव्हतं, हे मला फार लागलं.

पुढं शिकले तेव्हा कळलं की हा हिशोब कुणालाही सांगता येतो. चौदा टक्के मॉइश्चरचं शंभर किलो सोयाबीन घ्या. त्यात चौदा किलो पाणी, शहाऐंशी किलो कोरडा माल. तेच वाळून दहा टक्क्यांवर आलं की वजन भरतं साधारण साडेपंच्याण्णव किलो. म्हणजे क्विंटलमागं साडेचार किलोच्या आसपास तूट, ती पाण्याची. कारखान्याला दहाच्या आतला माल लागतो, तेव्हा एवढी कपात रास्त आहे. याच्या पुढची असेल तर का, ते विचारायचा हक्क माल आणणाऱ्याला आहे. हे गणित मी आबांना चुलीपुढं बसून कोळशानं फरशीवर मांडून दाखवलं होतं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “हे समद्यांना दाखव.”

म्हणून मी इथं आहे. आपल्या कंपनीचे सभासद शेतकरीच आहेत. काट्यावर माल घेऊन येणारा माणूस या कंपनीचा मालक आहे, आणि त्याला त्याच्या मालाचा आकडा डोळ्यांनी दिसला पाहिजे.

या हंगामात मला तुमच्या मदतीनं एवढंच करायचंय. नमुना शेतकऱ्यासमोर काढायचा, आणि एकाच कट्ट्याच्या तोंडातून मूठभर घेऊन नाही. परखी वेगवेगळ्या कट्ट्यांत, वर-मध्ये-खाली घालायची. सगळं एकत्र करून ढीग पसरायचा, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा तसंच. मॉइश्चरच्या मीटरवर पीक सोयाबीनच लावलंय ना ते बघायचं, कारण तुरीच्या सेटिंगवर सोयाबीन टाकलं तर आकडा भलताच येतो. दुपारच्या उन्हात तापलेला माल थोडा निवू द्यायचा. तीनदा वाचायचं, सरासरी घ्यायची आणि तो आकडा पट्टीवर लिहायचा. माती-काडीचा आणि डागी दाण्याचाही. मीटरचं तोंड शेतकऱ्याकडं ठेवायचं, आपल्याकडं नाही.

गर्दीच्या दिवशी याला वेळ लागेल, हे मला कळतं. दसऱ्याच्या पुढं ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत जाते आणि हमाल मंडळींच्या पाठीवर सगळा भार येतो. त्यामुळं हे कसं बसवायचं ते मी कागदावर ठरवून आणलेलं नाही. गोदामाचे मामा इतकी वर्षं मालाची आवक बघतायत. दाणा दातानं फोडून किती वाळलाय ते सांगणारी माणसं इथं आहेत. मला त्यांच्याकडून ते शिकायचंय, आणि मीटर रोज त्यांच्या अंदाजाशी ताडून बघायचाय. हिशोबाच्या ताईंनी पट्टीचा नमुना सकाळी दाखवला. त्यात तीन रकाने वाढवायला जागा आहे, ताई स्वतःच म्हणाल्या. मला तेव्हाच वाटलं, आपलं जमणार.

कामाबाहेरचं थोडं. मला भल्या पहाटे जाग येते, त्यामुळं सकाळची पहिली गाडी असेल तर माझं नाव बिनधास्त लावा. मोटरसायकल चालवते, गावोगावच्या बैठकांना यायला आवडतं. बायकांच्या गटांशी बोलायचं असेल तर मला आधी सांगा. मळणीच्या वेळी मशीनचे फेरे कमी ठेवले तर सोयाबीनची डाळ होत नाही आणि त्यातलंच चांगलं बियाणं घरी राखता येतं, हे मला बायकांना आवर्जून सांगायचंय. बियाण्याची कणगी घरोघरी त्याच सांभाळतात. सोयाबीनची साल फार नाजूक असते. पोतं वरून आपटलं तरी उगवण घटते. हे एकदा हातात दाणा घेऊन दाखवलं की कुणी विसरत नाही.

माझं कुठं काही अडलं तर मी सरळ विचारीन. तुमचं माझ्याकडं काही अडलं तर तुम्हीही सरळ सांगा, मनात ठेवू नका. मला वैशाली म्हणा. वयानं मोठे असतील त्यांनी “पोरी” म्हटलं तरी मला बरंच वाटेल.

आणि एक आमंत्रण आत्ताच देऊन ठेवते. येळवशीला तुम्ही सगळे आमच्या शेतात यायचंय. घरच्यांना, लेकरांना घेऊन. आई भज्जी करते ती मोठ्या पातेल्यात, तुरीचे दाणे, वाटाणा, वालाच्या शेंगा, हरभऱ्याची भाजी, जे शिवारात असेल ते सगळं घालून. सोबत बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर. कडब्याच्या खोपीपुढं पंगत बसते. तोवर आपला सोयाबीनचा हंगाम सरलेला असेल आणि तुरीला शेंगा भरलेल्या असतील. आबांना मी सांगून आलेय की यंदा माझ्या ऑफिसची माणसं येणार आहेत. त्यांनी लगेच विचारलं, “किती जण?” तर मामा, ड्रायव्हरदादा, ताई, तेवढं मोजून मला सांगा.

आज डब्यात धपाटे आणले आहेत, लसणाची चटणी आणि दही आहे. सगळ्यांपुरते आहेत. दुपारी एकत्रच बसू, आणि जेवण झालं की मामा, मला गोदामातला मीटर आणि काटा दाखवा.